सात नंबरच्या टेबलावरच्या तिसऱ्या कोणाच्या? टेबलावरच्या कोडने बिल आणि पैसे घेताना झालेला एक घोळ

मी सिंधुदुर्गात हॉटेलांची बिलिंग बसवून देतो. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला हा माझा पट्टा. खाली सांगितलेलं प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका हॉटेलात घडलं. मालकांना विचारूनच लिहितोय. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आकडे जवळपास तसेच ठेवले आहेत. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं तिचंही नाव घेत नाही, कारण अशीच चूक मी नंतर दुसऱ्या दोन सॉफ्टवेअरमध्ये पाहिली.

## पार्श्वभूमी

किनाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं चौदा टेबलांचं हॉटेल. त्यातली दहा टेबलं आत, चार बाहेर फणसाखाली. मालक भाई गल्ल्यावर बसतात, स्वयंपाकघर वयनींच्या हातात, आणि वाढायला गावातलीच पाच पोरं. पावसाळ्यात निम्मी टेबलं रिकामी असतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात दुपारी एक ते साडेतीन रस्त्यापर्यंत माणसं उभी.

या गर्दीत जेवण उरकल्यावरचा वेळ वाया जायचा. गिऱ्हाईक हात धुऊन येतं, बिल मागतं, पोरगा गल्ल्यावर जातो, भाई वहीतून बेरीज करतात, कागद टेबलावर येतो, मग गिऱ्हाईक उठून गल्ल्यावरच्या स्टिकरवर पैसे भरतं. पुढचं कुटुंब दारात उभं असताना यात दहा-बारा मिनिटं जातात. म्हणून भाईंनी टेबलावरच्या कोडची यंत्रणा घेतली. प्रत्येक टेबलावर प्लॅस्टिकचा छोटा स्टँड आणि त्यावर क्यूआर कोड. मोबाइलने स्कॅन केलं की आधी मेनू दिसतो. ऑर्डर पोरांनीच आपल्या मोबाइलवरून टाकायची, म्हणजे केओटी, स्वयंपाकघरासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, थेट वयनींच्या शेजारच्या प्रिंटरवर निघते. आतापर्यंत काय काय मागवलं आणि किती झालं हे गिऱ्हाईक स्कॅन करून कधीही बघू शकतं. जेवण झालं की त्याच पानावर सगळे पदार्थ, दर, कर लिहिलेलं बिल येतं आणि खाली ‘पैसे भरा’ असं बटण.

बटण दाबल्यावर मागे काय होतं ते आधी समजून घ्यावं लागेल, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सॉफ्टवेअर पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या मधल्या सेवेला, सांगतं, अमुक रकमेची मागणी तयार कर. मग गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर यूपीआयचं ॲप उघडतं ते साधारण अशा दुव्याने:

```
upi://pay?pa=hotel@bank&pn=Hotel&am=2426.00&cu=INR&tr=T7-0193
```

`pa` म्हणजे पैसे कोणाला, `am` म्हणजे किती, आणि `tr` म्हणजे या मागणीची खूणगाठ. गल्ल्यावरच्या साध्या स्टिकरमध्ये `am` आणि `tr` नसतात. रक्कम गिऱ्हाईक स्वतः टाकतं आणि ती कोणत्या बिलाची हे माणसाने लक्षात ठेवायचं. इथे रक्कम आधीच भरलेली येते, गिऱ्हाईक फक्त पिन टाकतं. पैसे जमा झाले की गेटवे सॉफ्टवेअरच्या सर्व्हरला निरोप पाठवतो, की या `tr` चे एवढे आले. तो निरोप हाच पुरावा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण किंवा तिचा फोटो हा पुरावा नाही.

## अडचण

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार. सात नंबरवर पुण्याचं पाच जणांचं कुटुंब. त्यांचं बिल असं होतं: सुरमई थाळी दोन, ₹७६०, बांगडा थाळी एक, ₹२६०, कोंबडी-वडे एक, ₹३२०, शाकाहारी थाळी एक, ₹२००, तवा पापलेट एक, साईझप्रमाणे, ₹६५०, जादा सोलकढी तीन, ₹१२०. एकूण ₹२,३१०. त्यावर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी, प्रत्येकी ₹५७.७५. बेरीज ₹२,४२५.५०, पूर्णांकात ₹२,४२६.

दोन वीसला कुटुंबातल्या आजींनी शेजारच्या टेबलावर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पाहिलं आणि एक प्लेट मागवली. सोबत आणखी दोन सोलकढ्या. पोराने ऐकलं, पण त्याचा मोबाइल बाहेरच्या टेबलावर काम करणाऱ्या दुसऱ्या पोराकडे होता. त्याने वयनींना तोंडी सांगितलं आणि पदार्थ आणून वाढले. सॉफ्टवेअरमध्ये नंतर टाकू म्हणाला.

दोन एकतीसला कुटुंबातल्या मुलाने कोड स्कॅन केला, ₹२,४२६ दिसले, भरले. निरोप सर्व्हरला पोचला, सात नंबरचा चालू हिशेब बंद झाला, पडद्यावर टेबल हिरवं झालं. मंडळी निघाली. पैसे चुकवायचा त्यांचा हेतू अजिबात नव्हता. पानाने जेवढे मागितले तेवढे त्यांनी भरले.

दोन चौतीसला पोराच्या हातात मोबाइल आला. त्याने इमानदारीत सात नंबरवर एक तिसऱ्या सुकं ₹२२० आणि दोन सोलकढ्या ₹८० टाकल्या. सात नंबरचा हिशेब बंद आहे हे सॉफ्टवेअरला दिसलं आणि त्याने न विचारता नवा हिशेब उघडला. करासह ₹३१५.

दोन पन्नासला कोल्हापूरचं कुटुंब त्याच टेबलावर बसलं. काकांनी मेनू बघायला कोड स्कॅन केला, तर वर लाल अक्षरात ‘चालू बिल ₹३१५’. खाली तिसऱ्या आणि सोलकढी. काका उठून गल्ल्यावर आले आणि मोबाइल भाईंच्या पुढ्यात धरला. “अहो, आम्ही अजून पाणीसुद्धा प्यायलो नाही, आणि तिसऱ्या कोणी खाल्ल्या?”

भाई पोराकडे वळले. “गिराइकान पैसे दिल्यान ना? मगे ह्या बिल खंयसून इला?”

भाईंनी हात जोडले, हिशेब खोडला, ₹३१५ सोडून दिले. पण संध्याकाळी जे झालं त्याने मला बोलावणं आलं. पुण्याच्या मुलाने पाच वाजता फोन केला. नंबर बिलावर होताच. तो म्हणाला, आम्ही तिसऱ्यांचे पैसे दिले नाहीत असं आईच्या लक्षात आलं, म्हणून मी ते पान परत उघडलं, तर तिथे दुसऱ्याच कोणाच्या दोन बांगडा थाळ्या आणि चिकन सुकं दिसतंय, ते आमचं नव्हे. म्हणजे तारकर्लीच्या वाळूत बसून त्याला कोल्हापूरकरांचं जेवण दिसत होतं. पैसे भरायचं बटणही चालू होतं.

भल्या माणसाने तिसऱ्यांचे ₹३१५ तिथूनच पाठवले, ते साध्या स्टिकरच्या नंबरवर.

## मूळ कुठे होतं

मी रविवारी सकाळी गेलो. स्टँडवरचा दुवा वाचला, तर शेवटी साधं `?table=7`. माझ्या मोबाइलवर सातचं आठ केलं, आठ नंबरचा हिशेब उघडला. घरात बसून चौदाही टेबलं वाचता येत होती. ही ढिलाई होतीच, पण शनिवारचा घोळ हिच्यामुळे झाला नव्हता.

खरी चूक अशी, की सॉफ्टवेअरच्या लेखी ‘टेबल’ आणि ‘टेबलावर बसलेली माणसं’ एकच होती. टेबल लाकडाचं, ते वर्षभर तिथेच असतं, म्हणून त्यावरचा छापील कोडही वर्षभर तोच. पण हिशेब असतो बसलेल्या मंडळींचा, तासाभराचा. या तासाभराच्या गोष्टीला आम्ही नंतर ‘बैठक’ म्हणायला लागलो. जुन्या वहीत ही बैठक आपोआप होती, भाई नवी मंडळी आली की नवं पान लावायचे. कोडने ते पानच काढून टाकलं होतं.

दुसरी चूक पैसे जुळवण्याची. निरोपात आलं, सात नंबरचे ₹२,४२६ जमा. सॉफ्टवेअरने एवढंच पाहिलं की पैसे आले, आणि हिशेब मिटवला. पैसे भरले गेले त्या क्षणी बिल किती होतं हे त्याने ताडलंच नाही. समजा, पोराने तिसऱ्या आणि सोलकढ्या दोन एकतीसला, म्हणजे पान उघडलेलं असताना टाकल्या असत्या, तर बिल ₹२,७४१ झालं असतं, मागणी मात्र जुन्या ₹२,४२६ चीच गेली असती, आणि हिशेब तरीही मिटला असता. मी चार नंबरवर मुद्दाम तसं करून पाहिलं. एक थाळी टाकली, पान उघडलं, दुसऱ्या मोबाइलवरून एक सोलकढी वाढवली, मग भरले. हिशेब बंद, सोलकढी फुकट. याची कुठे नोंदही राहिली नाही. शनिवारी निदान कोल्हापूरकर ओरडले तरी. हा प्रकार रोज होत असेल तर कोण ओरडणार?

## काय काय करता आलं असतं

भाईंचं पहिलं मत होतं, स्टँड उचला आणि गोठ्यात टाका. ते अगदीच चुकीचं नव्हतं. गल्ल्यावरचा साधा स्टिकर आणि बोलणारा साउंडबॉक्स यांच्यावर अख्खं कोकण चाललंय. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं बँकेचं शुल्क, घेत नाहीत, त्यामुळे साधा स्टिकर जवळपास फुकट पडतो, उलट टेबलावरच्या बटणामागे सॉफ्टवेअरवाला आणि गेटवे आपापलं शुल्क लावतात. अडचण एवढीच, की साउंडबॉक्स रक्कम बोलतो, टेबल बोलत नाही. दुपारी दीड वाजता तीन टेबलांचे ₹७६० एकापाठोपाठ बोलले की कोणाचे आले आणि कोणाचे राहिले हे भाईंनाही सांगता येत नाही.

दुसरा पर्याय माझ्या आवडीचा होता. टेबलावरच्या कोडवर फक्त मेनू ठेवायचा आणि पैशांचा कोड कागदी बिलाच्या खाली छापायचा, त्या बिलाच्या रकमेचा आणि त्याच खूणगाठीचा. कागद छापला की रक्कम गोठली. पैसे आले की त्या कागदालाच लागू. यात चुकायला जागा फार कमी. पण पोराची गल्ल्यापर्यंतची फेरी वाचत नाही, आणि ज्यासाठी यंत्रणा घेतली तेच हातातून जातं. शिवाय चालू हिशेब बघायला मिळणं गिऱ्हाइकांना खरंच आवडत होतं, विशेषतः मासे साईझवर असल्यामुळे. ताटात कच्चा पापलेट आणून दाखवायचा, भाव सांगायचा, आणि बिलावर वेगळाच आकडा यायचा, हे भांडण किनाऱ्यावर जुनं आहे. भाव ठरल्याबरोबर तो मोबाइलवर दिसला की ते भांडण होतच नाही.

तिसरा पर्याय म्हणजे टेबलावरचा कोड ठेवायचा, पण त्याच्या मागची रीत बदलायची. वेळखाऊ, आणि सॉफ्टवेअरवाल्याने ऐकलं तरच. दोन आठवडे फोनवर गेले. शेवटी आम्ही तिसरा घेतला आणि नेट गेल्यावर किंवा गिऱ्हाईक मोबाइल वापरत नसल्यास दुसरा, असं ठरवलं.

## काय केलं

आधी दुवे बदलले. टेबल क्रमांकाऐवजी प्रत्येक स्टँडवर सहा अक्षरांची अर्थहीन जोडणी. नवे चौदा स्टँड छापले. कोडमध्ये पैशांचं काहीच नाही, फक्त पानाचा पत्ता. रोज सकाळी पोरगा चौदाही कोड स्कॅन करून बघतो, कोणी वर दुसरा स्टिकर तर चिकटवला नाही ना.

मग बैठक. मंडळी बसली की पोरगा आपल्या मोबाइलवर ‘बसवले’ दाबतो, तेव्हाच नवा हिशेब उघडतो. सॉफ्टवेअरने आपणहून हिशेब उघडायचा नाही. बंद टेबलावर कोणी पदार्थ टाकला तर ते विचारतं, ‘या टेबलावर कोणी बसलेलं नाही, आधीच्या बैठकीला जोडू का?’ शनिवारी हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर पोराने हो म्हटलं असतं आणि पुण्याच्या मंडळींना दारातच गाठता आलं असतं.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलचं जास्त डोकं लावावं लागलं. मेनू कोणीही बघावा. पण हिशेब त्याच बैठकीतल्यांना दिसावा. सॉफ्टवेअरवाल्याने मोबाइल नंबर घेऊन ओटीपी पाठवू म्हटलं. दोन दिवस करून पाहिलं. फणसाखाली ओटीपी यायला मिनिट लागायचा, आणि एका बाईंनी सरळ विचारलं, “जेवायला बसलोय की बँकेत?” नंबर गोळा करायची आम्हाला गरजही नव्हती. मग साधं केलं. ‘बसवले’ दाबल्यावर पोराच्या पडद्यावर तीन आकडे येतात, तो पाण्याचे ग्लास ठेवताना सांगतो, “तुमचा नंबर चारशे अठरा.” पहिल्यांदा हिशेब उघडताना हा टाकायचा. बैठक संपली की तो मोबाइल आपोआप सुटतो. तीन आकडे काही तिजोरीचं कुलूप नव्हे, पण पाच वेळा चुकलं की पान थांबतं, आणि वाळूत बसून दुसऱ्याच्या थाळ्या दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त वाद बिल गोठवण्यावर झाला. गिऱ्हाइकाने ‘बिल द्या’ दाबलं की पुढे काय? भाईंचं म्हणणं, त्यानंतर काही टाकूच देऊ नका. वयनी म्हणाल्या, बिल मागितल्यावरच माणसाला सोलकढी आठवते. वयनींचं बरोबर होतं. म्हणून अशी रीत ठरली: ‘बिल द्या’ दाबल्यावर आधी पोराच्या मोबाइलवर घंटी वाजते आणि त्याला विचारलं जातं, ‘काही टाकायचं राहिलंय का?’ तो नाही म्हणाला की मगच ‘पैसे भरा’ बटण उघडतं. त्यानंतरही काही वाढलं तर बिलाची आवृत्ती बदलते, एकची दोन होते. जुन्या आवृत्तीची मागणी रद्द होते आणि गिऱ्हाइकाच्या पानावर नवा आकडा येतो. पैशांच्या खूणगाठीत टेबल, बैठक आणि आवृत्ती तिन्ही असतात. निरोप आला की रक्कम चालू आवृत्तीशी ताडायची. जुळली तर बिल मिटलं. कमी असली तर ‘भाग भरला, बाकी ₹३१५’ असं पोराच्या आणि भाईंच्या पडद्यावर लाल. हिशेब बंद होत नाही.

आणि पैसे आले म्हणून टेबल मोकळं होत नाही. मंडळी उठली, टेबल पुसलं, की पोरगा ‘खाली’ दाबतो. पैसे मिटणं आणि टेबल सुटणं या दोन घटना वेगळ्या ठेवल्या, इतकंच. पैसे भरून आइसक्रीम खात बसणारे असतातच.

बिल क्रमांकाचा एक बारकावा इथे सांगतो, कारण तो मी स्वतः आधी चुकवला होता. जीएसटीच्या नियमांप्रमाणे करबिलाचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग आणि न दुहेरणारे लागतात. आम्ही पहिल्या दिवशी प्रत्येक आवृत्तीला नवा क्रमांक देत होतो, त्यामुळे एका टेबलाचे तीन क्रमांक आणि त्यातले दोन रद्द. महिनाअखेर सीएने कपाळाला हात लावला. आता गिऱ्हाइकाला आधी दिसतो तो ‘चालू हिशेब’, त्याला क्रमांक नाही, तसं वर लिहिलेलं आहे. पूर्ण पैसे आल्यावर किंवा कागद छापल्यावर एकदाच क्रमांक पडतो आणि करबिल तयार होतं. त्यानंतर रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या हॉटेलला हे पान वेगळं लागेल, कारण त्यांना गिऱ्हाइकाकडून कर लावताच येत नाही, त्यांनी बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेलं बिल, द्यायचं असतं. सॉफ्टवेअर बसवताना हा पर्याय तपासल्याशिवाय चालू करू नका. त्याच पडद्यावर सर्व्हिस चार्जही आधीपासून चालू होता, तो आम्ही बंद केला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही.

साईझवरच्या माशांसाठी शेवटची अट: भाव टाकल्याशिवाय पापलेट हिशेबात ‘भाव ठरायचा’ असा दिसतो, आणि तो ठरेपर्यंत ‘बिल द्या’ उघडतच नाही.

## काय झालं

नाताळच्या गर्दीत ही रीत चालली. अनोळखी तिसऱ्या परत कोणाच्या टेबलावर उगवल्या नाहीत. ‘भाग भरला’ची लाल ओळ त्या दहा दिवसांत चार वेळा दिसली, चारही वेळा मंडळी टेबलावरच होती, बाकी तिथल्या तिथे मिळाली. या चार ओळी म्हणजे आधी नकळत जाणारे पैसे होते, हे भाईंना आकडे पाहून पटलं.

एक घोळ मात्र आम्ही धरलाच नव्हता. बारा नंबरवर जावई आणि सासरे. दोघांचे मोबाइल बैठकीत जोडलेले. “मी देतो, मी देतो” चालू असताना जावयाने टेबलाखाली मोबाइल धरून ₹१,८९० भरले. त्याच वेळी सासऱ्यांनी चष्मा वर करून आपले भरले. दोन निरोप आले, दोन्ही खरे, दोन्ही त्याच आवृत्तीचे.

भाई गल्ल्यातून रोख काढून सासऱ्यांच्या हातावर ठेवणार होते. ते थांबवलं. रोख दिली की गेटवेच्या हिशेबात दोन जमा तशाच राहतात, बिल एकच, आणि उद्या त्यांच्या बँकेने दुहेरी म्हणून पैसे परत केले तर आपण दोनदा दिले. परतावा गेटवेतूनच, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. सासऱ्यांना त्याची पावती टेबलावरच दाखवली, पैसे मात्र लगेच दिसले नाहीत, म्हणून ते थोडे नाराजच गेले. जावई खूश होता.

त्यानंतर एका मोबाइलने भरणा सुरू केला, की बाकीच्यांच्या पानावर पाच मिनिटं ‘भरणा चालू आहे’ असं दिसतं आणि बटण बंद राहतं. वाटून भरायचं असेल तर आधी हिस्से पाडायचे, मग प्रत्येकाने आपला हिस्सा भरायचा. ₹२,४२६ चे पाच समान हिस्से ₹४८५.२० होतात. आम्ही चार जणांचे ₹४८५ धरतो आणि शेवटच्याचे ₹४८६, नाहीतर एक रुपया बाकी म्हणून बिल लाल राहतं.

पाच मिनिटांनीही सगळं सुटत नाही. यूपीआयचा व्यवहार कधी कधी ‘प्रलंबित’ राहतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, निरोप आलेला नसतो. आम्ही मागणी कालबाह्य केली तरी तो व्यवहार नंतर यशस्वी होऊ शकतो. अशा वेळी सॉफ्टवेअरने निरोपाची वाट बघत बसू नये, दर थोड्या वेळाने गेटवेला स्वतः विचारावं. तरी उत्तर आलं नाही, तर भाईंनी ठरवलंय: त्या माणसाकडून लगेच दुसऱ्यांदा पैसे मागायचे नाहीत, नाव आणि बैठकीचा नंबर लिहून ठेवायचा. व्यापाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप गिऱ्हाइकाकडे परत जावेत असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गेले तर ₹१,२०० चं जेवण बुडतं, पण अशी वेळ आतापर्यंत एकदाच आली. त्या मंडळींनी आठवड्याने पैसे पाठवले, सोबत घरच्या कोकमाची मागणीही.

## पुन्हा करायचं तर

मी पहिल्याच दिवशी पैशांचं बटण उघडलं नसतं. महिनाभर कोडवर फक्त मेनू आणि चालू हिशेब ठेवला असता. हिशेब चुकला तर तो दिसतो, भांडण होतं, दुरुस्ती होते. पैसे त्याला जोडले की चूक गुपचूप मिटून जाते.

सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन मोबाइल घेऊन कंपनीच्या माणसासमोर बसलो असतो. एकावर बिल उघडायचं, दुसऱ्यावरून सोलकढी वाढवायची, मग पहिल्यावरून भरायचं. हिशेब बंद झाला तर ते सॉफ्टवेअर परत न्या म्हणायचं. मग टेबल सोडून रस्त्यापलीकडे जायचं, दुसऱ्या माणसाला टेबलावर बसवून थाळी टाकायला लावायची, आणि आपल्या जुन्या पानावर काय दिसतं ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण दाखवताना त्यांनी एकच मोबाइल वापरला होता आणि सगळं छान चालत होतं.

पोरांच्या बाबतीतही मी चुकलो. पाच पोरांना तीन मोबाइल दिले होते. सगळ्या घोळाची सुरुवात तिथे झाली, पोराच्या आळसात नाही. चौथा जुना मोबाइल घेतल्यावर ‘नंतर टाकतो’ हे वाक्य जवळजवळ बंद झालं.

आणि फणसाखालची चार टेबलं मी यातून आधीच वगळली असती. तिथे नेट धड मिळत नाही, वायफाय भिंतीपाशीच संपतं, पानावर चाक फिरत राहतं आणि गिऱ्हाईक बटण तीनदा दाबतं. आता अकरा ते चौदा नंबरवर स्टँड आहेत ते फक्त मेनूचे. बिल कागदावर जातं, खाली त्या रकमेचा कोड छापलेला. तो छापतो गल्ल्यावरचा प्रिंटर, आणि पैसे आल्याचा आवाज झाला की भाई आतूनच ओरडतात, “बारा नंबर इले रे!”